संज्ञाप्रवाही कादंबरी कशी वाचावी

पात्राच्या मनात एका क्षणी जे चाललेले असते ते सगळे, म्हणजे विचार, आठवण, कानावर पडलेला आवाज, अंगाला जाणवलेला गारवा, अर्धवट राहिलेली भीती, हे ज्या क्रमाने मनात येते त्याच क्रमाने वाचकापुढे मांडायचे आणि मध्ये निवेदकाचे स्पष्टीकरण शक्य तितके कमी ठेवायचे, या लेखनपद्धतीला संज्ञाप्रवाह म्हणतात. प्रवाहाची कल्पना मानसशास्त्रातून आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, जाणीव म्हणजे एकेका विचाराचा सुटा तुकडा नव्हे. ती नदीसारखी अखंड वाहते. 1918 मध्ये मे सिंक्लेअर या इंग्रज लेखिकेने डोरोथी रिचर्डसन यांच्या ‘पिल्ग्रिमेज’ या कादंबरीमालेवर लिहिताना ही संज्ञा प्रथम कथात्म साहित्याला लावली. स्वतः रिचर्डसन यांना ती आवडली नव्हती, तरी ती रूढ झाली.

पाठ्यक्रमात हा विषय बहुधा तीन लेखकांच्या आधारे शिकवला जातो : जेम्स जॉइस, व्हर्जिनिया वुल्फ आणि विल्यम फॉकनर. तिघांची पुस्तके 1922 ते 1931 या दहाएक वर्षांतली आहेत आणि तिघांची पद्धत वेगवेगळी आहे. विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो. विरामचिन्हे नसलेले, तुटक, प्रथमपुरुषी लेखन म्हणजे संज्ञाप्रवाह अशी समजूत घेऊन ते वुल्फ वाचायला बसतात आणि पाहतात तो वाक्ये पूर्ण, व्याकरणशुद्ध आणि तृतीयपुरुषी. मग यात संज्ञाप्रवाह कुठे, हा प्रश्न पडतो. उत्तर असे की, संज्ञाप्रवाह हा लेखनाचा हेतू आहे. तो साधण्याच्या भाषिक रीती एकापेक्षा अधिक आहेत. त्या रीती ओळखता आल्या की कादंबरीची निम्मी अडचण दूर होते.

एक लहानसा प्रसंग घेऊन त्या दाखवता येतील. सुनंदा नावाची बाई दादर स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभी आहे. तिला घरी पोहोचून आजारी आईला दवाखान्यात न्यायचे आहे. पारंपरिक निवेदक हे असे सांगेल :

फलाटावर उभ्या असलेल्या सुनंदाला आईच्या आजारपणाची काळजी वाटत होती. गाडी चुकली तर डॉक्टर निघून जातील, अशी भीती तिच्या मनात आली. भावाची मदत होत नाही याचा तिला रागही होता.

इथे मन आहे, पण ते निवेदकाने वाचून, नाव देऊन, नीट लावून ठेवलेले आहे. ‘काळजी’, ‘भीती’, ‘राग’ हे शब्द सुनंदाच्या मनात आलेले नाहीत. ते निवेदकाचे निदान आहे. आता हाच मजकूर थोडा बदलून :

सुनंदाने घड्याळाकडे पाहिले. सव्वापाच. डॉक्टर काय, सहाच्या ठोक्याला उठणारच. आणि दादाला सांगून तरी काय उपयोग होता? त्याची मीटिंग असणार. सगळे आपणच करायचे, पहिल्यापासून.

पहिले वाक्य निवेदकाचे आहे. दुसऱ्यापासून मात्र बोलण्याचा सूर सुनंदाचा झाला आहे, आणि तरीही ‘तिला वाटले’ असे कुठे म्हटलेले नाही, अवतरणचिन्हेही नाहीत. ‘काय उपयोग होता?’ हा प्रश्न निवेदकाला पडलेला नाही. याला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. ‘तिला वाटले की’ या बंधनातून विचार मोकळा केलेला असतो, पण पात्र थेट ‘मी’ म्हणूनही बोलत नाही. इंग्रजीत अशा वाक्यांत ‘ती’ हे सर्वनाम आणि भूतकाळ कायम राहतो, शब्द आणि भावना मात्र पात्राच्या असतात. त्यामुळे वाचकाला ऐकावे लागते की हे बोलते कोण. मराठीत काळ असा मागे सरकवावा लागत नाही आणि स्वतःकडे वळलेले ‘आपण’ हाताशी असते, म्हणून तोच परिणाम वेगळ्या वाटेने साधतो. ही रीत आधुनिकतावाद्यांनी शोधलेली नाही. जेन ऑस्टिन आणि फ्लोबेर यांनी ती एकोणिसाव्या शतकातच कसलेल्या हाताने वापरली होती. वुल्फ यांनी तिला अपवादाच्या जागेवरून उचलून कादंबरीचा मुख्य आधार केले.

आता तिसरी पायरी :

सव्वापाच. ही पण स्लो. सहाला उठतात. तो वास, डेटॉलचा, बाबांच्या वेळीही तोच, जिना चढतानाच यायचा. दादाला फोन. नकोच. पट्टा गेला वाटतं चपलेचा. घट्ट धर गं पिशवी.

निवेदक इथे पूर्ण नाहीसा झाला आहे. क्रियापदे गळली आहेत, कोण उठतात ते सांगितलेले नाही, बाबा कोण आणि त्यांचे काय झाले हेही नाही. स्वतःशी बोलणाऱ्या माणसाला आपल्याच वडिलांची ओळख करून द्यावी लागत नाही. हे अंतर्गत स्वगत. फ्रेंच लेखक एदुआर द्युजार्दाँ यांनी 1887 मध्ये एक संपूर्ण छोटी कादंबरी या रीतीने लिहिली होती, आणि तिचे ऋण जॉइस यांनी पुढे उघडपणे मान्य केले.

या तीन पायऱ्यांमध्ये बदलते ती निवेदक आणि पात्र यांच्यातली जागा. कोणताही उतारा हाती आला की आधी तीन गोष्टी पाहाव्यात : सर्वनाम कोणते आहे, ‘वाटले’ किंवा ‘आठवले’ असे सांगणारे क्रियापद आहे का, आणि शब्दांची निवड कोणाच्या तोंडी शोभते. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, कारण पहिल्या दोन फसवू शकतात.

‘मिसेस डॅलोवे’ (1925) ही वुल्फ यांची कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 1923 सालच्या जून महिन्यातला लंडनमधला एक दिवस एवढाच तिचा काळ. संसद सदस्याची पत्नी क्लॅरिसा डॅलोवे त्या रात्री घरी मेजवानी देणार आहे आणि सकाळी फुले आणायला बाहेर पडते. पहिले वाक्य साधे, निवेदकाचे : फुले मी स्वतःच आणीन, असे ती म्हणाली. लगेचचे वाक्य त्याचे कारण देते. मोलकरीण ल्यूसीला आज कामे भरपूर आहेत. पण हे कारण ज्या ढंगात दिले आहे तो घर चालवणाऱ्या बाईचा आहे, निवेदकाचा नाही. मेजवानीसाठी दारे बिजागऱ्यांवरून काढून ठेवायची आहेत, त्यासाठी माणसे येणार आहेत. मग सकाळच्या ताजेपणाचा एक उद्गार येतो, आणि त्यापाठोपाठ बिजागरीची किंचित करकर. ही करकर आजच्या दारांची नव्हे. क्लॅरिसा अठरा वर्षांची असताना बोर्टन या गावच्या घरी काचेची दारे धाडकन उघडून ती बाहेरच्या हवेत शिरायची, त्या दारांची ती करकर आहे.

या दोन क्षणांमध्ये तीस-बत्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि ते ओलांडण्यासाठी वुल्फ ‘तिला आपले तारुण्य आठवले’ असे म्हणत नाहीत. आज काढायच्या दारांची बिजागरी आणि तेव्हा वाजलेली बिजागरी एवढाच दुवा आहे. त्यावरून बोर्टन, बोर्टनवरून पीटर वॉल्श, एके काळी जिच्याशी लग्न करू पाहणारा आणि आता हिंदुस्थानातून परत येणार असलेला मित्र. तो जूनमध्ये येणार की जुलैमध्ये हे तिला नक्की आठवत नाही, मात्र त्याचे एखादे फुटकळ वाक्य स्वच्छ आठवते. हे मनाच्या सवयीला धरून आहे. महत्त्वाची तारीख विसरते आणि भाजीपाल्यावर कोणी केलेली शेरेबाजी राहून जाते.

यापुढे जे घडते ते अधिक धाडसाचे. एक गाडी जाईपर्यंत क्लॅरिसा फुटपाथच्या कडेला उभी राहते. तेवढ्यात एका परिच्छेदापुरते निवेदन स्क्रोप पर्व्हिस नावाच्या शेजाऱ्याच्या मनात शिरते. त्याला ती पक्ष्यासारखी चपळ दिसते. पन्नाशी उलटलेली, आजारपणानंतर पांढरी पडलेली. ती त्याला पाहतही नाही. परिच्छेद संपतो, पर्व्हिस कादंबरीतून जवळजवळ नाहीसाच होतो आणि आपण पुन्हा क्लॅरिसाच्या मनात. आतापर्यंत क्लॅरिसा आपल्याला आतून, अठरा वर्षांच्या मुलीच्या उत्साहासह भेटलेली असते. पर्व्हिसमुळे तिचे वय, आजार आणि बाहेरचे रूप एकदम कळते. अंतर्गत स्वगतात हे जमले नसते, कारण आपण बाहेरून कसे दिसतो हे कोणी मनातल्या मनात स्वतःला सांगत बसत नाही. मुक्त अप्रत्यक्ष कथनात मात्र एका मनातून दुसऱ्या मनात जाण्यासाठी सर्वनामही बदलावे लागत नाही. वुल्फ यांनी ही रीत का निवडली याचे खरे उत्तर इथे आहे.

मने इतकी सुटी असताना वाचक हरवत नाही, कारण बाहेरच्या जगातल्या काही घटना सर्वांना समान ठेवल्या आहेत. बिग बेनचे टोले दिवसभर पडत राहतात. फुलांच्या दुकानाबाहेर एका मोटारीचा पिस्तुलासारखा आवाज होतो. दुकानात क्लॅरिसा तो ऐकते आणि रस्त्यावर सेप्टिमस स्मिथ. सेप्टिमस हा पहिल्या महायुद्धातून मनाने मोडून परतलेला तरुण. दोघांची पूर्ण कादंबरीत कधी गाठ पडत नाही. पुढे आकाशात एक विमान धुराने जाहिरातीची अक्षरे काढते. लोक वर पाहून आपापल्या परीने ती वाचतात. सेप्टिमसला मात्र वाटते की ही खूण त्याच्यासाठीच आहे. एकच घटना अनेक मनांतून दाखवल्याने वेळ आणि स्थळ पक्के राहते, आणि मनामनांतला फरकही उघड होतो. कादंबरी रचताना भूतकाळ वर्तमानाच्या पाठीमागे थोडा थोडा खोदत नेण्याची युक्ती आपल्याला सापडली, असे वुल्फ यांनी 1923 च्या दैनंदिनीत नोंदवले आहे. एक वर्ष चाचपडल्यानंतर ती सापडली, हेही त्यांनी लिहिले आहे. मनात येईल तसे लिहीत जाण्याची ही पद्धत आहे, हा समज एवढ्याने दूर व्हावा.

जॉइस यांच्या ‘युलिसिस’मध्ये (1922) 16 जून 1904 हा डब्लिनमधला दिवस आहे. जाहिराती गोळा करणारा लिओपोल्ड ब्लूम शहरभर फिरतो. त्याच्याबद्दलची तृतीयपुरुषी वाक्ये आणि त्याचे अंतर्गत स्वगत अवतरणचिन्हांशिवाय शेजारी शेजारी येतात, कधी एकाच ओळीत. निवेदकाचे वाक्य पूर्ण आणि भूतकाळी असते. ब्लूमचे तुटके, कर्ता गाळलेले, वर्तमानात. ही खूण पकडली की पहिली काही प्रकरणे वाचता येतात. दुपारच्या जेवणाच्या वेळचे आठवे प्रकरण घ्यावे. ब्लूमला भूक लागली आहे, म्हणून जे दिसते ते त्याला खाण्याकडे नेते. एका खानावळीतले अधाशी जेवण पाहून त्याला किळस येते आणि दुसरीकडे जाऊन तो चीजचे सँडविच आणि वाइन घेतो.

पण या प्रकरणाचे मर्म ब्लूम ज्याचा विचार टाळतो त्यात आहे. त्या दिवशी चार वाजता बॉयलन नावाचा माणूस आपल्या बायकोला भेटायला घरी येणार आहे, हे त्याला माहीत आहे. विचार त्या दिशेने वळला की मध्येच तुटतो आणि दुसरीच गोष्ट सुरू होते. प्रकरणाच्या शेवटी बॉयलन खरोखर रस्त्यात दिसतो. ब्लूम घाईघाईने संग्रहालयाकडे वळतो आणि खिसे चाचपू लागतो. त्यात बटाटा सापडतो, साबण सापडतो. भीती किंवा मत्सर असा शब्द एकदाही आलेला नाही. खिशात हात घालून काहीतरी शोधत असल्याचे सोंग आणणारा माणूस दिसतो, तेवढे पुरते. संज्ञाप्रवाहाच्या चांगल्या लेखनात विचाराची तुटलेली जागा ही विचाराइतकीच वाचायची असते.

शेवटच्या प्रकरणात ब्लूमची बायको मॉली रात्री अंथरुणावर जागी पडलेली आहे. आठ प्रदीर्घ वाक्ये, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. संज्ञाप्रवाह म्हटले की बहुतेकांना हेच प्रकरण आठवते आणि सगळा संज्ञाप्रवाह असाच असावा असे वाटते. प्रत्यक्षात ते ‘युलिसिस’मध्येही टोकाचे उदाहरण आहे आणि त्यामागे कारण आहे. ब्लूम चालत असतो. दुकाने, माणसे, पाट्या त्याचा विचार सतत अडवतात, म्हणून त्याची वाक्ये तुटकी. मॉली अंधारात निश्चल आहे, अडवायला जवळजवळ काही नाही, म्हणून तिचे वाक्य थांबत नाही. वाचकाची अडचण इथे सर्वनामाची असते. मॉलीचा ‘तो’ कधी नवरा, कधी बॉयलन, कधी तरुणपणी भेटलेला एखादा लेफ्टनंट, आणि ती ते सांगत नाही. स्थळाच्या व प्रसंगाच्या लहानशा खुणांवरून प्रत्येक ‘तो’ वेगळा काढावा लागतो.

फॉकनर यांच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’चा (1929) पहिला भाग या सर्वांहून अवघड. बेंजी कॉम्पसन हा तेहेतीस वर्षांचा, मतिमंद आणि न बोलणारा. त्याला काळाचे भान नाही. तीस वर्षांपूर्वीचे आणि आताचे त्याला सारखेच समोर असते. भागाच्या शिरोभागी 7 एप्रिल 1928 ही तारीख आहे, पण मजकूर पुन्हा पुन्हा लहानपणात जातो. वाक्ये अगदी सोपी, लहान, कार्यकारणाविना. कोणी का रडले हे बेंजी सांगत नाही, रडले एवढेच सांगतो.

सुरुवातीलाच तो आणि त्याला सांभाळणारा मुलगा लस्टर कुंपणातल्या फटीतून जात असताना बेंजीचे कपडे खिळ्यात अडकतात. पुढच्याच वाक्यात छपाई तिरप्या अक्षरांत होते आणि त्याची बहीण कॅडी त्याला खिळ्यातून सोडवत असते. आता आपण अनेक वर्षे मागे, एका कडाक्याच्या थंडीच्या दिवशी आहोत. दुवा क्लॅरिसाच्या बिजागरीसारखाच, एका वस्तूचा. फरक एवढा की क्लॅरिसाला हे जुने आहे हे माहीत असते आणि बेंजीला नसते. पलीकडच्या मैदानात गोल्फ खेळणारे आपल्या पोऱ्याला ‘कॅडी’ म्हणून हाक मारतात तेव्हा बेंजी रडू लागतो, कारण त्याच्या लेखी ती बहिणीचीच हाक असते. ते मैदान पूर्वी कॉम्पसन कुटुंबाचे कुरण होते. थोरला भाऊ क्वेंटिन याला हार्वर्डला पाठवण्यासाठी ते विकले गेले. हे सर्व पुढच्या भागांतून उलगडते.

बेंजीच्या भागात काळ ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे त्याला त्या क्षणी कोण सांभाळत आहे. व्हर्श असेल तर बालपण, टी. पी. असेल तर किशोरवय आणि पुढची काही वर्षे, लस्टर असेल तर 1928. तिरपी अक्षरे बदलाची सूचना देतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. काही बदल त्यांच्याशिवायही होतात, आणि तिरपा मजकूर एका ओळीत संपून जुना प्रसंग पुढे साध्या अक्षरांत चालू राहतो. पहिल्या वाचनात सगळे लागले नाही तरी पुढे वाचत जावे. कादंबरीचा चौथा भाग तृतीयपुरुषी, स्वच्छ आणि क्रमवार आहे. तो वाचून बेंजीकडे परतले की ज्या वाक्यांत अर्थ लागत नव्हता त्यांत कॅडीची अनुपस्थिती दिसू लागते.

मर्यादा या पद्धतीला आहेतच. मनातले सगळे शब्दांत नसते. चित्रे, वास, अंगाची अस्वस्थता यांना लेखकाला शब्द द्यावे लागतात. बेंजीची वाक्ये बेंजी स्वतः बोलू शकत नाही, म्हणून ती त्याची आहेत असे मानण्याचा करार वाचकाला करावा लागतो. आपला हात पूर्ण लपवल्याचा देखावा लेखक करतो, तरी कोणती बिजागरी, कोणता खिळा, कोणत्या ठिकाणी, हे त्यानेच ठरवलेले असते. म्हणूनच कमी कुवतीच्या अनुकरणात ही पद्धत लगेच उघडी पडते : पात्र स्वतःलाच स्वतःचे नातेवाईक समजावून सांगू लागते, किंवा आठवणी कोणत्याही दुव्याशिवाय, लेखकाला माहिती द्यायची म्हणून येतात. दुवा सापडत नसेल तर दोन शक्यता असतात. एकतर तो पुढे सापडणार आहे, नाहीतर लेखकाने तो ठेवलेलाच नाही. जॉइस, वुल्फ आणि फॉकनर यांच्याबाबतीत पहिली शक्यता धरून वाचणे बहुतेकदा योग्य ठरते.

मराठीत या पद्धतीचा पहिला ठळक प्रयत्न म्हणून बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘रात्रीचा दिवस’ (1942) या कादंबरीचे नाव घेतले जाते. मर्ढेकर इंग्रजी साहित्याचे चोखंदळ वाचक होते, आणि पात्राच्या मनातली सरमिसळ मराठी गद्यात कशी पेलता येईल हे त्यांनी ना. सी. फडके, वि. स. खांडेकर यांच्या सुघड कथानकांच्या काळात तपासून पाहिले. त्या वेळच्या वाचकाला ती दुर्बोध वाटली यात नवल नव्हते. वर दिलेल्या तीन कसोट्या हातात घेऊन ती आज वाचायला घेतली, तर निवेदक कुठे बोलतो आणि पात्राचे मन कुठून सुरू होते ते परिच्छेदागणिक पाहता येईल.